प्रतिसाद: अलर्ट येतो, तरी माल एक्स्पायर होतो

> एक्स्पायरीचा अलर्ट येतो, तरी मुदत संपलेल्या स्ट्रिप्स शेल्फवर सापडतातच. मग मेडिकल दुकानासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

अलर्ट राहू द्या, बिल करताना सॉफ्टवेअर कुठली बॅच आपोआप उचलतं ते आधी बघा. डेमोतच एका गोळीच्या दोन बॅच टाका: आधी खरेदी केलेल्या 20 स्ट्रिप, एक्स्पायरी 11/27, नंतर आलेल्या 10 स्ट्रिप, एक्स्पायरी 03/27. आता 2 स्ट्रिपचं बिल करा. 11/27 पुढे आली, तर माल खरेदीच्या क्रमाने निघतोय आणि आधी संपणारा मागे पडणार. पण 03/27 आली म्हणून निर्धास्त होऊ नका. घाईत हाताला लागेल ती स्ट्रिप दिली जाते आणि बिलावर छापली जाते सॉफ्टवेअरने सुचवलेली बॅच. दहापैकी चार स्ट्रिपच्या बाबतीत असं झालं की रिपोर्टमध्ये 03/27 शून्य होते, शेल्फवर मात्र तिच्या चार स्ट्रिप उरतात. शून्य स्टॉकला अलर्ट कसला येणार? एकूण आकडा जुळत असल्याने शंकाही येत नाही. म्हणून बिलाच्या ओळीत बॅच आणि एक्स्पायरी ठळक दिसावी, आणि एका कीने बॅच बदलता यावी. बदलायला तीन खिडक्या उघडाव्या लागल्या, तर काउंटरवर कोणी ते करणार नाही.

अलर्टची मुदत किमान 90 दिवसांची ठेवा. ती यादी स्टॉकिस्टनुसार, खरेदी बिलाच्या नंबरासकट निघाली पाहिजे, नाहीतर माल परत करताना जुनी बिलं चाळत बसाल. मोजणी मात्र बॅचनिहायच करा, रोज एक रॅक पुरे.