अंगभर गांधी, ओठ आणि पापण्या सुजल्या: घरी थांबायचं की दवाखाना गाठायचा?

मीनल_मुरूड

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल विचारायचंय. वय २९, एरवी ठणठणीत. शनिवारी माझ्याकडे जेवायला आली होती. कंबर धरली होती म्हणून एकच्या सुमारास तिने डायक्लोफेनॅकची गोळी घेतली. दीड वाजता आम्ही कोळंबीचं कालवण आणि भात जेवलो. अडीचला तिचे तळहात खाजायला लागले. बघता बघता पोटावर आणि मांड्यांवर लालबुंद गांधी उठल्या, वरचा ओठ सुजून पुढे आला आणि डावा डोळा तर पापणी सुजून मिटलाच. आवाज नेहमीसारखा होता, खोकला नव्हता. सेट्रिझिनची गोळी दिली. संध्याकाळी गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि रात्रीपर्यंत गांधी उतरल्या. पापणी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जड होती.

ती आता बरी आहे. पण परत असं झालं तर काय बघून ठरवायचं? चेहरा एवढा सुजला की पळायचं, की एवढ्या सुजेला घाबरायचं कारण नाही? आमची वाडी मुरूडपासून आत आहे. ग्रामीण रुग्णालयात पोचायला अर्धा तास लागतो आणि अलिबाग गाठायचं तर त्याहून बराच जास्त वेळ.

बापट_काका

काळजी करू नका. अंगावर पित्त उठणं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आमसुलाचं पाणी चोळायचं, सेट्रिझिन द्यायची आणि पंख्याखाली निजवायचं, तासा-दोन तासांत उतरतं. ओठ-पापण्या सुजल्या की माणूस भेसूर दिसतो, पण त्यात फारसं काही नसतं. इंजेक्शनाशिवायही उतरलं असतं.

रात्रपाळी

मी कॅज्युअल्टीत काम करतो. मीनलताई, उत्तर देण्याआधी तीन गोष्टी सांगा. अडीच ते संध्याकाळ या वेळात तिला उलटी, जुलाब किंवा पोटात कळ असं काही झालं का? उठून उभी राहिल्यावर ती कशी होती? आणि डॉक्टरांनी रक्तदाब मोजला का, मोजला असल्यास किती?

मीनल_मुरूड

हो, ते लिहायचं राहिलं. मला ते अपचन वाटलं होतं. चारच्या सुमारास एकदा उलटी झाली. त्यानंतर तोंड धुवायला उठली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मोरीपाशीच खाली बसली. तिला आडवं केलं तर पाच-दहा मिनिटांत बरं वाटलं. डॉक्टरांकडे साडेपाचला गेलो तेव्हा रक्तदाब १००/६० होता. एरवी तिचा ११० ते १२० च्या आसपास असतो.

रात्रपाळी

तुम्ही ज्याला अपचन समजलात, तीच या सगळ्या हकिकतीतली महत्त्वाची गोष्ट आहे.

ओठ आणि पापण्यांची कातडी सैल असते, त्यामुळे तिथे पाणी पटकन भरतं आणि सूज खूप दिसते. नुसत्या गांधी आणि नुसती ओठ-पापण्यांची सूज असेल, माणूस नीट बोलतोय, नीट श्वास घेतोय, उभं राहिल्यावर काही होत नाही, तर अ‍ॅलर्जीची गोळी देऊन त्याच्याजवळ बसून लक्ष ठेवता येतं. बापटकाका म्हणतात ते एवढ्यापुरतं बरोबर आहे. अशी सूज पापणीवर दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते, त्याचंही भय नाही.

पण अ‍ॅलर्जी कातडीबाहेर गेली की गोष्ट बदलते. ती श्वासाच्या बाजूला गेली तर आवाज बसतो, गिळताना अडकतं, जीभ जड होते, सारखा खोकला येतो किंवा छातीत शिट्टी वाजते. रक्ताभिसरणाच्या बाजूला गेली तर घेरी येते, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो, माणूस गळून जातो. गांधींसोबत यातलं एक जरी दिसलं तरी ती अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी अ‍ॅलर्जी, समजायची आणि सूज वाढायची वाट बघायची नाही. लहान मुलांमध्ये एकदम मलूल होणं हीसुद्धा तीच खूण. एकच उलटी झाली तर त्यावरून ठाम सांगता येत नाही, वारंवार होऊ लागली की ती याच यादीत.

तुमच्या बहिणीला गांधी उठल्यावर दीड तासाने उलटी झाली आणि उभं राहताच अंधारी आली. मी तिथे असतो तर तिला अ‍ॅनाफिलॅक्सिस धरूनच उपचार केले असते. साडेपाचचा रक्तदाब आडवं करून बराच वेळ गेल्यावरचा आहे. मोरीपाशी तो किती होता हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही.

आणि सेट्रिझिनबद्दल. ती काम करायला तासभर घेते. खाज आणि गांधी कमी करते, पण पडलेला रक्तदाब वर आणत नाही आणि सुजलेला घसाही उघडत नाही. त्यामुळे ‘गोळी दिलीय, बघू अर्धा तास’ हे फक्त कातडीपुरतंच चालतं.

स्वाती_ठाणे

ताई, तिला थायरॉईड तपासायला सांगा. मला रोज संध्याकाळी गांधी उठायच्या, कोळंबी सोडली, वांगं सोडलं, काही फरक पडला नाही. शेवटी थायरॉईडचा त्रास निघाला.

रात्रपाळी

स्वातीताई, तुमचं दुखणं वेगळं. रोज रोज सहा आठवड्यांहून जास्त काळ गांधी उठत असतील तर खाण्यातलं काही कारण क्वचितच निघतं, आणि थायरॉईड बघतात ते बरोबर. इथे मात्र जेवणानंतर तासाभरात अचानक झालंय.

विनायक_सांगली

माझ्या वडिलांचाही ओठ दोनदा सुजला. एकही गांध नाही, खाज नाही. सेट्रिझिन दिली तर काडीचा फरक पडला नाही, दीड दिवसाने आपोआप उतरलं. रक्तदाबासाठी रामिप्रिल बरीच वर्षं चालू आहे, त्यामुळे गोळीवर संशय घेतला नाही. हेही अ‍ॅलर्जीचंच का?

रात्रपाळी

विनायकराव, आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि रामिप्रिलचं नाव घेऊन सांगा. गांधी नाहीत, खाज नाही आणि त्या जातीची गोळी चालू आहे, म्हणजे संशय गोळीवरच. वर्षानुवर्षं घेतल्यावरही हे होतं. ही सूज वेगळ्या रस्त्याने येते, म्हणून अ‍ॅलर्जीची औषधं तिच्यावर फारशी चालत नाहीत. पुढच्या वेळी सूज ओठावर न थांबता जिभेवर जाऊ शकते. गोळी बदलून मिळते. जीभ सुजली किंवा आवाज बदलला तर फोन करत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

मीनल_मुरूड

म्हणजे परत असं झालं तर नेमकं काय करायचं? डॉक्टरांच्या कागदावर एविल आणि डेक्सा लिहिलंय. ते बरोबर होतं ना?

रात्रपाळी

गांधींसाठी ठीक. अ‍ॅनाफिलॅक्सिस असेल तर पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन. एविल खाज कमी करतं, डेक्साचा परिणाम दिसायला काही तास लागतात, जीव वाचवायला दोन्ही पुरत नाहीत. मोठ्या माणसाला अ‍ॅड्रेनलिन अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत देतात. पाच मिनिटांत आराम नाही पडला तर पुन्हा. औषध स्वस्त आहे. लसीकरणाच्या ठिकाणीही अ‍ॅनाफिलॅक्सिसचं किट ठेवलेलं असतं, तुम्ही कोविडच्या लशीनंतर अर्धा तास बसलात ते याचसाठी. दवाखान्यात शिरताना ‘गांधी उठल्यात’ एवढंच सांगू नका. ‘गांधींसोबत उलटी आणि घेरी आहे, अ‍ॅड्रेनलिन द्यायला हवं का?’ असं विचारा.

पोचेपर्यंत तिला आडवं ठेवा, पाय उशीवर उंच. उलटी होत असेल तर कुशीवर. धाप लागत असेल तर पाय पसरून बसू द्या. पण उभी करू नका, गाडीपर्यंत चालवत नेऊ नका, उचलून न्या. रक्तदाब पडलेला माणूस उठवल्याबरोबर कोसळल्याची उदाहरणं आहेत. १०८ ला फोन लावा, पण रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर गाडीत मागच्या सीटवर आडवं घालून निघा. आमसुलाचं पाणी अंगाला लावायला हरकत नाही, पण घसा आवळत असेल तर तोंडाने काहीही देऊ नका, गोळीसुद्धा नाही. बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका, काही तासांनी तेच पुन्हा उसळू शकतं.

बापट_काका

उलटी आणि घेरीचं मी लक्षात घेतलं नव्हतं. पण मग कोळंबी की गोळी? कोळंबी ती लहानपणापासून खात असणार.

मीनल_मुरूड

हो, खातच आलीय. डायक्लोफेनॅकही पूर्वी घेतलीय, तेव्हा काही झालं नव्हतं.

रात्रपाळी

त्यावरून दोघांपैकी कुणीच सुटत नाही. कोळंबीची अ‍ॅलर्जी मोठेपणीही सुरू होते. डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पापण्या-ओठ सुजणं अगदी नेहमी दिसतं. आणि तिसरी शक्यता अशी की एकट्या कोळंबीने काही झालं नसतं, पण गोळी सोबत असल्याने भडका उडाला. जेवणानंतर दामटून चालणं किंवा दारू यांनीही असं होऊ शकतं. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे चार-सहा आठवड्यांनी कातडीवर कोळंबीची चाचणी करता येईल. त्याआधी सेट्रिझिन काही दिवस बंद ठेवावी लागते, किती ते तिथेच विचारा. या गोळ्यांसाठी मात्र भरवशाची रक्तचाचणी नाही. तोवर दोन्ही बंद, आणि कंबरेसाठी काय घ्यायचं तेही विचारून. घरच्या घरी ‘एक कोळंबी खाऊन बघते’ असं बिलकुल नको.

परिचारिका_कोल्हापूर

अर्धा तास दूर राहणाऱ्यांनी अ‍ॅड्रेनलिनची कुपी आणि एक मिलीची सिरिंज घरी ठेवावी. पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. मी काही पेशंटच्या नातेवाइकांना भरायला शिकवलंय, आधी नुसत्या पाण्यावर सराव करून घेते.

रात्रपाळी

सिस्टर, माझं मन तयार होत नाही. घाबरलेल्या हाताने कुपी फोडायची, अर्धा मिलीच ओढायचं, आणि ते स्नायूतच जायला हवं. उन्हाळ्यात कपाटात पडून औषध तपकिरी होतं ते वेगळंच.

परिचारिका_कोल्हापूर

डॉक्टर, चुका होतात, मान्य. पण रस्त्यात अर्धा तास काहीच न देणं हीसुद्धा जोखीमच आहे. शिकवलेल्या माणसाने मांडीत अर्धा मिली दिलं तर धडधड आणि थरथर होईल, ती उतरते. कुपी अंधारात, थंड जागी ठेवायची आणि रंग बदलला की टाकायची.

मीनल_मुरूड

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. कुपीचं त्यांनाच विचारते, कारण तुम्हा दोघांचंही पटतंय. शनिवारच्या वेळा, गोळीचं नाव, उलटी आणि घेरी हे सगळं कागदावर लिहून बहिणीच्या पर्समध्ये ठेवलंय, सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो फोनमध्ये आहे. एक विचारायचं राहिलं: कालवणात सुकटही होती. चाचणीच्या वेळी तीही सांगायची का?

रात्रपाळी

कसली सुकट, जवळा का? तोही कोळंबीच्याच जातीचा, नक्की सांगा. बोंबील असेल तर तो मासा, त्याचा हिशेब वेगळा, पण तोही लिहून न्या.