शब्दचर्चा: नजर, मंजूर, इंतजार एकाच धातूतले, मग नजराणा का नाही?

मस्कतकर: संध्याकाळच्या अरबी क्लासला होमवर्क मिळालाय, नून-ज़ा-रा हा धातू घ्यायचा, अर्थ पाहणे, आणि त्यातून निघतील तेवढे शब्द काढायचे. नज़रा म्हणजे त्याने पाहिलं, यन्ज़ुरु तो पाहतो, नाज़िर पाहणारा, मन्ज़ूर पाहिलेलं, इथवर सहज जमलं. खोलीखालच्या चष्म्याच्या दुकानावर नज़्ज़ारात लिहिलंय, त्यात मधला ज़ दुप्पट झालाय तेही लक्षात आलं. पण इंतिज़ार कोशात मिळेना, न-त-ज़ खाली शोधून दमलो, आणि नजराणा लिहिला तर सरांनी त्यावर काट मारली.

अक्षरवेडा: त धातूचा नाहीच, साच्याचा आहे. या साच्यात सुरुवातीला इ लागतो आणि धातूच्या पहिल्या अक्षरानंतर त घुसतो. शेजारी इंतिज़ाम लिहून बघा, इ, त आणि शेवटून दुसरा आ दोन्हीकडे त्याच जागी आहेत, ते उचलले की एकीकडे न-ज़-र उरतं, दुसरीकडे न-ज़-म, ज्यातून निजाम आला. कोशात न-ज़-र खालीच सापडेल. आणि इन्तज़रा म्हणजे त्याने वाट पाहिली, आपणही वाट पाहतोच ना, मला हे फार आवडतं.

नाझरांचा नातू: आमचे आजोबा कोर्टात नाझर होते, बेलिफांना समन्स वाटून द्यायचे, त्यांच्या कामावर देखरेख ठेवायचे, म्हणजे पाहणारा बरोबर बसतं. पण नजराण्याचं सरांचं चुकलंय, आपण 'तलवार नजर केली' म्हणतोच की!

अक्षरवेडा: ती नजर वेगळी हो. तिच्यात मधे ज़ा नाही, ज़ाल आहे, नज़्र म्हणजे नवस, अर्पण, त्याला फारसी आना लागून नज़राना झाला. मराठीत दोन्हींचा ज झाला म्हणून गोंधळ होतो. धातू ठरवायचा तर अरबी लिखाणच बघायचं, मराठी स्पेलिंगवर जाऊ नका.

ठाण्याची वहिनी: मग मजूर पण मंजूरसारखाच का? आमच्याकडे सध्या रंगाचं काम चाललंय म्हणून आठवलं 🙂

अक्षरवेडा: नाही वहिनी. मजकूरमधून म आणि ऊ काढा, ज़-क-र उरतं, उल्लेख करणे. महसूलमधून ह-स-ल. मजूरमधून काढलंत तर ज आणि र, दोनच उरतात, तिथेच शंका यायला हवी. तो फारसी मुज़्दूर.

मस्कतकर: समजलं, वही दुरुस्त करतो. पण पाहिलेलं म्हणजे मान्य केलेलं हे कसं काय झालं?

नाझरांचा नातू: साहेबाने कागद पाहिला, सही केली, झालं मंजूर. कचेरीत असंच चालतं.

अक्षरवेडा: पटण्यासारखं आहे, पण तसा जुना कागद दाखवल्याशिवाय मी नाही मानणार. हा अर्थ फारसीच्या वाटेने आलाय एवढं खरं. मस्कतकर, तिथे अर्ज मन्ज़ूर झाला म्हणू नका, समोरच्याला वाटेल नुसता पाहिलाय, मान्य झाला नाही. मान्यतेला तिकडे मुवाफ़क़ अलैह म्हणतात, त्याचा धातू व-फ़-क़, तो उद्या काढून बघा.