मदत हवी आहे: मालिका संपवू, बदलू की थांबवू? व्ह्यूज उतरतच आहेत

कपाशीवाला: गावातल्या भांडणांवरची आमची वऱ्हाडी मालिका, 46 भाग झाले. पहिल्याला 2 लाख 10 हजार, आताच्याला 12 हजार. कलाकार विचारून राहिले, रविवारी शूटिंग हाये का नाही? लवकर सांगा.

संकलक_यवतमाळ: भाऊ, पहिला भाग वर्षभरापासून चालून राहिला, 46वा मागच्या रविवारचा. ही तुलनाच चुकते. प्रत्येकाचे पहिल्या 7 दिवसांचे आकडे द्या. अन् यूट्यूब स्टुडिओत पाहा, त्यात जुने प्रेक्षक किती, नवे किती.

अकोल्याची सून: सोयाबीन निघालं, आता कापूस वेचणी. कोणाले फुरसत आहे? संक्रांतीपर्यंत थांबा.

वडसा_एक्सप्रेस: झाडीपट्टीत दर हंगामाले नवं नाटक येते. लोकाइले नवं लागते. संपवा.

कपाशीवाला: घसरण मे महिन्यापासूनच आहे ताई, तेव्हा कुठं वेचणी? 7 दिवसांचे: 20व्या भागाला जुने साडेनऊ हजार, नवे 11 हजार. 46व्याला जुने 9 हजार, नवे 2 हजार.

मोबाईलवाला: तुमचा आवाज घुमते. आधी कॉलर माईक घ्या.

संकलक_यवतमाळ: माईकचं नंतर पाहू. जुना माणूस गेलाच नाही, नवा आत येत नाही. शीर्षकात "भाग 46" दिसलं की त्याला वाटते, आधीचे 45 पाहावे लागतील. सुरुवातीला काय आहे?

कपाशीवाला: शीर्षकगीत, मग "मागील भागात". 50 सेकंद. तिथपर्यंत अर्धेच उरतात.

संकलक_यवतमाळ: मग संपवू नका. झाडीपट्टीतल्या मंडईच्या जत्रेतलं नाटक एका रात्रीत पुरं होते, म्हणून कोणीही येऊन बसते. तसे तीन भाग करा. शेताच्या धुऱ्यावरचं भांडण एकाच भागात सुरू होऊन मिटलं पाहिजे. थेट भांडणातूनच उघडा, गीत शेवटी न्या. शीर्षक अन् थंबनेलवरून आकडा काढा, क्रम प्लेलिस्टमध्ये राहू द्या. तिन्हींचे 7 दिवसांचे नवे प्रेक्षक पाहा. वाढले नाहीत, तर व्यवस्थित शेवट करून नवी मालिका काढा.

अकोल्याची सून: अन् सुमीच्या लग्नाचं काय? मी तर तेवढ्यासाठीच पाहते. ते तोडलं तर मी नाही पाहणार.

संकलक_यवतमाळ: हा धोका आहे खरा. लग्नाचा धागा शेवटच्या दोन मिनिटांत चालवा. पण जुने प्रेक्षक 9 हजारांच्या बरेच खाली आले, तर मी चुकलो असं समजा.

वडसा_एक्सप्रेस: दोन मिनिटांत लग्न होते का जी?

कपाशीवाला: रविवारी धुऱ्याचा भाग करतो. सुमीचं काम करणारी पोरगी म्हणते, दोन मिनिटांसाठी मी येणार नाही. तिच्याशी आज संध्याकाळी बोलतो.