मदत हवी आहे: सर म्हणतात, 'हा गोषवारा नाही, प्रस्तावना आहे'

खाडीकाठ (रत्नागिरी): एमएस्सीचा प्रबंध भाट्ये खाडीतल्या तिसऱ्यांवर आहे. २५० शब्दांचा गोषवारा लिहिला, सरांनी लाल पेनाने वरचा शेरा मारून परत दिला. सुरुवात अशी: 'कोकण किनाऱ्याला अनेक खाड्या लाभल्या आहेत. शिंपले हा स्थानिकांच्या आहाराचा भाग आहे. यापूर्वी अनेक संशोधकांनी...' शेवट: 'प्रस्तुत प्रबंधात तिसऱ्यांच्या आकाराचा अभ्यास केला आहे.' चुकलं कुठे?

सड्यावरचा: गोषवारा म्हणजे प्रस्तावनाच, पण छोटी. थोडं छाटून परत दे.

आबा_वेंगुर्ला: प्रस्तावना स्वतः कशाला लिहिता? आमच्या देवस्थानाच्या पुस्तिकेला निवृत्त हेडमास्तरांकडून लिहून घेतली होती.

सुकती: आबा, ती पुस्तकाची. इथे वेगळं आहे.

खाडीकाठ, तुझा गोषवारा खाडीत पाय न घालताही लिहिता आला असता. हीच खूण. काम सुरू करण्याआधी जे लिहिता येतं, ती प्रस्तावना: आधी कोणी काय केलं, काय राहिलं, म्हणून मी काय विचारतोय. तिथेच थांबायचं. गोषवारा वाचणारा बहुधा प्रबंध उघडतच नाही, यादीत त्याला तेवढाच तुकडा दिसतो. म्हणून त्यात काय सापडलं ते हवंच. किती मोजल्यास?

खाडीकाठ: सहा महिने, दर अमावास्येच्या सुकतीला. मुखाजवळ ३०० आणि आतल्या बाजूला ३००. सरासरी लांबी ३१ मिमी आणि २४ मिमी. आत खारटपणा कमी, म्हणून लहान.

सुकती: मग खाड्यांचं वर्णन एका वाक्यात आटप, संशोधकांची नावं प्रस्तावनेत ने, आणि लिही: 'मुखाजवळच्या व आतल्या तिसऱ्यांच्या आकारात फरक आहे का हे पाहण्यासाठी सहा महिने दोन्ही ठिकाणी प्रत्येकी ३०० तिसऱ्या मोजल्या. सरासरी लांबी मुखाजवळ ३१ मिमी, आत २४ मिमी आढळली.' पुढे एका वाक्यात अर्थ. पण खारटपणा मोजलास का?

खाडीकाठ: नाही. आणि आतल्या बाजूला बायका रोज तिसऱ्या काढतात, मोठ्या तेवढ्या वेचून.

सुकती: मग 'खारटपणामुळे' खोड. प्रबंधात जे दाखवलं नाही, ते गोषवाऱ्यात नको. कारण सांगता येत नाही, फरक आहे एवढंच लिही. परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

सड्यावरचा: बरं, माझं चुकलं. पण परिषदेला गोषवारा पाठवतो तेव्हा काम अर्धवटच असतं की!

सुकती: चार महिने झाले असतील तर चार महिन्यांचे आकडे दे. 'निष्कर्षांची चर्चा केली जाईल' हे वाक्य मात्र नको.

धयकालो: माझा प्रबंध दशावतारावर. मोजायला काहीच नाही. शिवाय आमच्या मॅडम प्रस्तावनेतच मुख्य म्हणणं सांगायला लावतात.

सुकती: आकडा नसला तरी म्हणणं असेलच, ते गोषवाऱ्यात यायला हवं. प्रस्तावनेचं मात्र तुमच्या विषयातलं कोणी सांगेल तर बरं, मी मत्स्यशास्त्रातली.

खाडीकाठ: नवा गोषवारा ११० शब्दांतच संपला. उरलेल्या १४० चं काय करू?