पेपर हातात आला आणि सगळं कोरं झालं: तुमचे अनुभव सांगा

गणिताच्या बाई (यवतमाळ जिल्हा)

मी एका खेड्यातल्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने बोर्डाच्या बीजगणिताच्या पेपरात पहिली वीस मिनिटं एक ओळ लिहिली नाही. सराव परीक्षेत तिला ४० पैकी ३१ होते. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, प्रश्न वाचता येत होता, पण पुढं काय करायचं तेच आठवे ना." संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसून तेच वर्गसमीकरण तिने मला न अडखळता सोडवून दाखवलं. मला रात्रभर झोप आली नाही.

तुमच्यावर किंवा घरच्या लेकरावर अशी वेळ आली असेल तर लिहा. त्या क्षणी नेमकं काय झालं आणि पेपरच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत कशाने फरक पडला? "टेन्शन घेऊ नको" हे मुलं सगळ्यांकडून ऐकतात. मला त्यापुढचं हवं आहे.

पूर्णाकाठचा

मी २०२३ ला दहावीला होतो. सेंटर तालुक्याला, गावापासून चौदा किलोमीटर. साडेनवाची एसटी आलीच नाही, मग एका काकांच्या गाडीवर गेलो. पोचलो वेळेत, पण छाती तेव्हापासूनच धडधडत होती. अनोळखी खोली, पुढे-मागे दुसऱ्या गावची पोरं. पेपर हातात पडला आणि पहिलाच प्रश्न मी चारदा वाचला. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. मला वाटलं आता चक्कर येऊन पडतो. बाजूचा पोरगा पुरवणी मागत होता आणि माझं पहिलं पान कोरं. शेवटच्या अर्ध्या तासात थोडं आठवलं, पण गणित राहिलंच.

जुलैच्या पुरवणी परीक्षेआधी आमच्या सरांनी विचारलं, "अभ्यास कसा केला होतास?" मी गाईडमधली सोडवलेली गणितं वाचायचो. तीन-तीनदा वाचलेली. सर म्हणाले, वाचून ओळख होते, सोडवणं होत नाही. त्यांनी मला दर दोन दिवसांनी अकरा वाजता शाळेच्या रिकाम्या खोलीत बसवलं. जुना पेपर, घड्याळ, वही-पुस्तक बाहेर. खोली दरवेळी वेगळी. पहिल्या दोन वेळा तिथंही कोरं झालं, मी रडलो. सर बाहेर व्हरांड्यात बसून राहिले, आत आले नाहीत. तिसऱ्या वेळेस कोरं झालं तरी पाच मिनिटांत सावरलो. जुलैच्या पेपरातही सुरुवातीला झालंच होतं, फक्त मला ते ओळखीचं होतं. निघालं गणित.

निवृत्त मास्तर, वाशीम

या पोराच्या सरांनी नेमकं केलं. त्यात दोन गोष्टी जोडतो.

मुंग्या आणि बधिरपणा श्वासामुळे येतो. भीतीने मूल भराभर श्वास घेतं आणि शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. अशा वेळी शेजारचा पर्यवेक्षक "मोठमोठे श्वास घे" म्हणतो, त्याने ते वाढू शकतं. सांगायचं ते हे: पेन खाली ठेव, पाय जमिनीवर टेकव, मनात चार मोजत नाकाने श्वास घे आणि सहा-सात मोजत हळू सोड. असं सात-आठ वेळा. दीड मिनिटही जात नाही. पण हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून जमत नाही. आधीचे दहा दिवस रोज, सराव पेपरला बसण्याआधी करून घ्यायचं.

दुसरं, सुरुवात कुठून करायची ते घरूनच ठरवून जा. बीजगणितात २ अ आणि ३ अ ला कृती असतात. चौकटी रिकाम्या, पण अर्धी वाट छापलेली असते. कोरं झालेल्या डोक्याला तेवढा आधार पुरतो. एक चौकट भरली की पुढची पायरी सुचते. प्रश्नक्रमांक नीट लिहिला तर कोणताही प्रश्न आधी सोडवता येतो. आता वाचनासाठीची दहा मिनिटं आधी मिळत नाहीत, शेवटी मिळतात. म्हणजे पेपर १ वाजून १० मिनिटांपर्यंत. सुरुवातीची पाच मिनिटं गेली तरी पेपर गेलेला नसतो, हे आकड्यात सांगितलं की मुलाला पटतं.

तूरवाला बाप

मास्तर, मी तं पोराले पहाटे चारले उठवतो. पहाटेचं डोक्यात बसते म्हणतात. बदाम बी चालू केले. तरी तो म्हणते, बाबा, वाचलेलं राहत नाई. काहून?

निवृत्त मास्तर, वाशीम

दादा, झोपतो किती वाजता?

तूरवाला बाप

खरं सांगतो. आमच्याकडं पंपाची लाईन रात्रीची असते. हरभऱ्याले पाणी द्याले माझ्यासंग येते तो. बारा-एक वाजतात.

निवृत्त मास्तर, वाशीम

मग चारला उठवू नका. पहाटेचा अभ्यास चांगलाच, पण झोप पुरी झालेल्याला. दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं, तीन तासांच्या झोपेत ते होत नाही. बदामाने ते भरून निघायचं नाही. पेपर संपेपर्यंत रात्रीच्या पाण्याला दुसरं कोणी मिळतं का बघा.

तूरवाला बाप

भावाले विचारतो. त्याच्याशी बोलणं बंद आहे दिवाळीपासून. पण विचारतो.

भरतीवाली

माझंही असंच आहे. पोलीस भरतीच्या लेखीत मला सगळं येतं, पण शेवटचे वीस प्रश्न सोडवायचे राहून जातात. धावण्यात काही अडचण नाही. मीही श्वासाचं करू का?

गणिताच्या बाई

ताई, तुमचं डोकं कोरं होत नाही, वेळ पुरत नाही. ते वेगळं. घड्याळ लावून पेपर सोडवताना एका प्रश्नावर किती थांबता ते आधी लिहून काढा.

आशाताई, गडचिरोली

मला एक सांगावंसं वाटतं. आमच्या गावातली बारावीची मुलगी पेपरला चक्कर येऊन पडायची, सगळे म्हणायचे घाबरते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन फार कमी, पुढं सिकलसेल निघाला. आमच्या भागात तो पुष्कळ आहे. दम लागतो, सांधे दुखतात, डोळे पिवळे दिसतात, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. श्वास मोजून ते जाणार नाही.

आणि मूल आठवडाभर जेवत नसेल, झोपत नसेल, "मी नसलेलंच बरं" असं काही बोललं, तर निकालाची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, टेलि-मानसचा १४४१६ फोन लावा. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. मी स्वतः एकदा एका आईला लावून दिला आहे.

पूर्णाकाठचा

एक राहिलं. पेपर झाल्यावर उत्तरं जुळवू नये असं आमचे सर म्हणायचे. मी जुळवली नाहीत आणि भूमितीचा पेपर बरा गेला. माझी बहीण मात्र जुळवल्याशिवाय झोपूच शकत नाही, नाही जुळवली तर रात्रभर तेच घोकते.

निवृत्त मास्तर, वाशीम

यावर माझंही एक मत नाही. पुढच्या पेपराला मध्ये सुट्टी असेल तर एकदाच जुळवून वही बंद करू द्यावी, दुसऱ्या दिवशीच पेपर असेल तर नको. तरी तुमच्या बहिणीचं तुम्हालाच जास्त कळेल.

गणिताच्या बाई

सोमवारपासून अकराच्या ठोक्याला रिकाम्या खोलीत बसवते पोरांना. आणि येत्या रविवारी सेंटरची शाळा दाखवून आणते. खोल्या कुठे, पाणी कुठे, संडास कुठे, एसटी चुकली तर दुसरं वाहन कोणाचं. मुलींच्या घरी परवानगीसाठी आज संध्याकाळी फिरणार आहे. दोन घरी हरभरा काढायला आलाय, तिथं काय उत्तर मिळतं ते इथंच लिहीन.