शेवटचं अक्षर आधी वाचा

"व्यंजनं मागून चौकटींतली म्हण ओळखायच्या खेळात त, न, र उघडले तरी म्हण सुचत नाही, पुढे कुठलं व्यंजन मागायचं?"

लगेच नवं व्यंजन मागू नका. उघडलेलं अक्षर शब्दात कुठे बसलंय ते आधी बघा. मराठीत प्रत्यय शेवटी लागतात, त्यामुळे शब्दाची शेपटीच जास्त बोलते. समजा चौकटी अशा आहेत:

ना _ ता | _ _ ना | _ं _ _ | _ _ _

शेवटी 'ना' अनेकदा या दोन कारणांनी येतो: 'मुलांना'सारखी विभक्ती किंवा 'जाईना'सारखा नकार. विभक्ती असती तर 'ना'च्या आधीच्या चौकटीत बहुधा अनुस्वार दिसला असता (खेळात अनुस्वार आधीच दाखवत असतील तरच ही खूण चालते). शिवाय आधीचा शब्द 'ता'ने संपतोय, म्हणजे 'करता येईना' हा साचा. आता 'य' मागा. 'ये _ ना' उघडलं की 'नाचता येईना' आलंच, आणि 'अंगण वाकडे' मागोमाग येतं. 'अंगण'मध्ये नाकातला आवाज असूनही 'न' मागून तिथे काही उघडलं नाही, कारण 'ण' वेगळा मोजतात. इथे बरेच जण अडकतात. विशेषनामं असली की मात्र ही युक्ती फारशी चालत नाही, कारण त्यांना ठरावीक शेपूट नसते.