'करमत नाही' आणि 'करमणूक': एकाच घरातले शब्द ना? (आणि बहिणीसाठी सिनेमे हवेत)

लालबागची ताई
धाकटी बहीण सप्टेंबरमध्ये जर्मनीला आखेनला गेली मास्टर्स करायला. पहिले दोन महिने मजेत गेले, नवीन सायकल, नवीन मैत्रिणी, रोज फोटो. आता डिसेंबरात तिकडे साडेचारच्या आसपास अंधार पडतो आणि फोनवर एकच वाक्य, "ताई, करमत नाहीये गं". मी तिला सिनेमांची लिस्ट पाठवणार होते म्हणून मेसेज लिहायला घेतला, "तुझ्या करमणुकीसाठी" असं टाईप केलं आणि तिथेच थांबले. करमणूक आणि करमत नाही हे एकाच क्रियापदाचे ना? मग करमणूक म्हटल्यावर नुसता टाईमपास का डोळ्यासमोर येतो, आणि करमत नाही म्हटल्यावर पोटात का खड्डा पडतो? होमसिकला आपला शब्द हाच का? आणि अशा माणसाला बरं वाटावं म्हणून जो सिनेमा लावतात त्याला काय म्हणायचं, कम्फर्ट मूव्ही सोडून? शब्द पण सांगा आणि सिनेमे पण सांगा प्लीज, दोन्ही हवंय.

पार्ल्याचा अभि
सोपं आहे, मूळ 'रमणे'. मन रमत नाही म्हणजेच करमत नाही, पुढे 'क' लागला. होमसिकला 'घरओढ' म्हणा, मी वापरतो.

निवृत्त मास्तर, दादर
अभि, अर्थ जवळचा आहे पण दोन्हीचं व्याकरण बघ. 'मी रमतो', 'पोरं खेळात रमली', इथे रमणारा कर्ता आहे. 'मी करमतो' असं कोणी म्हणतं का? नाही. 'मला करमत नाही', मला भूक लागते तसं, ते आपल्याला होतं, आपण करत नाही. नुसता 'क' पुढे लागण्याची दुसरी उदाहरणं पण दाखवावी लागतील. मला स्वतःला 'क्रमणे' जास्त पटतं, काळ क्रमणे, कालक्रमणा म्हणतो ना आपण, म्हणजे वेळ पुढे सरकणं. करमत नाही म्हणजे वेळ सरकत नाही. पण हे माझं मत, याच्यावर पैज लावणार नाही.

ताई, करमणूक त्याच क्रियापदाची, वागणे वागणूक, फसवणे फसवणूक तशी करमणे करमणूक. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढलं त्याचं नावच 'करमणूक', आणि त्यात त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः यायच्या, म्हणजे तेव्हा शब्दाला वजन होतं. पुढे १९२३ च्या कायद्याने खेळ-तमाशांवर शुल्क बसलं, तिकिटावर 'करमणूक कर' दिसायला लागला तो थेट २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत. इतकी वर्षं तिकीटखिडकीशी जोडला गेल्यावर शब्द पातळ झाला असं मला वाटतं. करमत नाही मात्र घरातच राहिला, म्हणून तो अजून जिवंत लागतो.

अजून एक बघ, हे क्रियापद आपण जास्त करून नकारातच वापरतो, नाहीतर प्रश्नात. हॉस्टेलला पोरगी ठेवली की आई पहिलं विचारते, "करमतं का गं तिथे?" करमत असेल तेव्हा कोणी आपणहून सांगत नाही, करमतं तेव्हा ते जाणवतच नाही.

वऱ्हाडची सून, मुलुंड
आमच्या अमरावतीकडे करमत नाही कोणी म्हणत नाही, "मले गमत नाही" म्हणतात. लग्न होऊन मुंबईत आले तेव्हा शेजारच्या गुजराती काकूंना मी म्हटलं गमत नाही, त्यांना वाटलं मला घर आवडलं नाही, कारण त्यांच्यात 'गमतुं नथी' म्हणजे आवडत नाही पण होतं. दोघी अर्धा तास एकमेकींना समजावत होतो 😊 पण त्याच काकू मग रोज दुपारी येऊन बसायला लागल्या.

निवृत्त मास्तर, दादर
वा, हे छान आणलंत. गमणे म्हणजे मुळात जाणे, आणि क्रमणे म्हणजे पण पुढे जाणे. माझ्या बाजूला एक पुरावा आला असं समजतो, सिद्ध झालं असं नाही म्हणत.

ठाण्याचे देशपांडे
परदेशातल्या मुलांना मराठी यावं म्हणून सिनेमे दाखवणं ही उत्तम कल्पना आहे. माझा नातू सहा वर्षांचा आहे टोरांटोला, त्याला सबटायटल लावून दाखवतो आम्ही.

लालबागची ताई
काका, बहीण तेवीस वर्षांची आहे, मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलते, तिला करमत नाहीये हा प्रश्न आहे 🙏

घरओढ मला पटत नाही अभि. करमत नाही मध्ये घर कुठे आहे? ती गेल्यापासून आईला पण करमत नाहीये, आणि आई तर आमच्याच खोलीत आहे, त्याच खिडकीपाशी. होमसिक माणूस घरापासून लांब लागतो, करमत नाही असलेला माणूस घरात बसून पण असू शकतो.

आता सिनेमांचं सांगते, माझी चूक झाली. आम्ही सगळ्यांनी एकत्र थिएटरला बघितलेला म्हणून मी तिला आधी 'व्हेंटिलेटर' पाठवला, मोठं कुटुंब, कोकण, गणपती, सगळी भांडणारी प्रेमळ माणसं, मला वाटलं घरी आल्यासारखं होईल. वीस मिनिटांत बंद केला आणि रात्री आमच्याकडे साडेतीनला फोन, "पप्पांचं बीपी कसंय, खरं सांग, माझ्यापासून काही लपवत नाही ना तुम्ही". माझ्या लक्षातच आलं नव्हतं की त्यात घरातलं मोठं माणूस आयसीयूत असतं. सिनेमा चांगलाच आहे पण लांब राहणाऱ्याच्या डोक्यात नेमकी हीच भीती बसलेली असते.

जहाजावरचा माणूस
ताई मी मर्चंट नेव्हीत, सहा सात महिने एकदम जहाजावर, त्यामुळे यातलं मला पुस्तकातलं नाही पण अंगावरचं कळतं. नवीन पोरगा जहाजावर येतो तेव्हा हार्डडिस्क भरून नवे पिक्चर आणतो आणि दुसऱ्या महिन्यात ते सगळे पडून राहतात, तो आपला जुना एकच पिक्चर परत परत लावतो. कारण नवीन पिक्चरला लक्ष द्यावं लागतं, पुढे काय होईल याचं टेन्शन पण असतं, आणि वॉचची ड्यूटी करून आलेल्या माणसात तेवढी ताकद उरत नाही. पाठ असलेल्यात पुढे कोण मरणार नाही हे माहीत असतं. माझा 'अशी ही बनवाबनवी', १९८८ चा, माझ्या जन्माच्या आधीचा, पण केबिनमध्ये तो चालू असला की मी नुसता कपडे घड्या करत असतो, बघत पण नाही, डायलॉग माझ्या आधी तोंडात येतो. आवाज हवा असतो मराठी. दिवसभर तोडकं मोडकं इंग्लिश बोलून जीभ थकते हो.

म्हणून माझं सांगणं, लिस्ट पाठवू नका. तिने दहावीच्या सुट्टीत कुठला दहा वेळा बघितला होता तो आठवा. आणि परदेशातून बरेच मराठी पिक्चर ॲपवर उघडत नाहीत, या देशात उपलब्ध नाही असं येतं, त्यामुळे पाठवण्याआधी तिलाच तिकडून चेक करायला सांगा, नाहीतर शोधण्यातच संध्याकाळ जाते आणि अजून वाईट वाटतं.

पार्ल्याचा अभि
'डबल सीट' पण टाका, २०१५ चा, मुंबईची चाळ, लहान खोली, नवीन जोडपं, एकदम आपलं.

मुलुंड
अभि पण त्या दोघांना त्या खोलीतून बाहेर पडून स्वतःचं घर घ्यायचंय. हिला तर तसल्याच खोलीत परत शिरावंसं वाटतंय. हिला उलटंच लागेल की ते.

कॉलेजकुमारी, परळ
मी वेगळं सांगते. मी पुण्याला हॉस्टेलला होते तेव्हा मला 'किल्ला' ने बरं वाटलं, वडील गेलेले, आईची बदली कोकणात, मुलाला नवीन गावात करमत नाही. हसवणारे सिनेमे लावले की मला अजून एकटं वाटायचं, सगळे हसतायत आणि आपणच नाही असं. याच्यात निदान कोणीतरी माझ्यासारखं होतं आणि मी रडून मोकळी झाले.

जहाजावरचा माणूस
मॅडम हॉस्टेलला शेजारी मैत्रीण असते, रडून झाल्यावर चहा प्यायला. ही खोलीत एकटी असेल आणि बाहेर अंधार, तर मी नाही लावणार तो.

कॉलेजकुमारी, परळ
असेल, पण ते तिला विचारून ठरवा ना, आपण का ठरवायचं.

लालबागची ताई
विचारलं. 'किल्ला' फेब्रुवारीत बघेन म्हणाली, थोडा उजेड आला की.

आणि आता काल रविवारचं सांगते कारण जहाजावरच्या दादांचं ऐकून आम्ही 'बनवाबनवी' एकत्र बघितला. सध्या साडेचार तासांचा फरक आहे, तिकडे दुपारचे बारा म्हणजे आमच्याकडे साडेचार, दोघींना जमणारी वेळ तीच. फोन चालू ठेवला, एक दोन तीन म्हणून दोघींनी प्ले केलं आणि दोन मिनिटांत गोंधळ, आमच्या टीव्हीचा आवाज तिला फोनमधून मागून यायचा, प्रत्येक वाक्य दोनदा. मग पॉज करून दोघी बरोबर बारा मिनिटं शून्य सेकंदावर आलो, तिच्या लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद, फक्त चित्र, आणि आवाज फोनमधून आमच्या टीव्हीचाच. जरासा पुढेमागे येतो पण चालतं.

मध्येच आई ओट्याकडे गेली आणि कुकर लावला. शिट्टी झाली तशी मी फोन म्यूट करायला गेले कारण डायलॉग बुडत होता, तर ती तिकडून ओरडली, "म्यूट नको करू, राहू दे". मग खालून कोणाचातरी टेम्पो रिव्हर्स घेताना वाजला, ते पण राहू दे. आईने वरण ढवळताना विचारलं जेवलीस का, तर म्हणे ब्रेड खाल्ला. शेवटच्या अर्ध्या तासात तिने पिक्चर कमी आणि आमची खोली जास्त ऐकली असं मला वाटतं. आणि संपल्यावर आई म्हणाली, आज जरा बरं गेलं गं. म्हणजे करमलं आईला पण.

निवृत्त मास्तर, दादर
मग शब्द तुम्हीच आणलात की. पूर्वी घरात बाई एकटी असली की रात्री शेजारची मुलगी निजायला यायची, तिला 'सोबतीला' येणं म्हणायचे. तिने काही करायचं नसे, फक्त घरात असायचं. सोबतीचा सिनेमा म्हणा. 'दिलासा' नको, तो रोज बातमीत करदात्यांना मिळतो. 'विरंगुळा' पण दमलेल्याला लागतो, एकट्याला नाही.

पार्ल्याचा अभि
सोबतीचा सिनेमा चांगला आहे, पण बोलताना कोणी म्हणेल का? लोक कम्फर्ट मूव्हीच म्हणणार. घरओढ मी सोडत नाही अजून.

मुलुंड
माझ्या त्या गुजराती काकू सोबतच करत होत्या म्हणजे. मला तेव्हा शब्द नाही सुचला.

लालबागची ताई
मेसेजमध्ये मी 'सोबतीला' असंच लिहिलं शेवटी. पुढच्या रविवारी आईला 'धूमधडाका' लावायचाय, बहिणीला परत 'बनवाबनवी'च हवाय. तिकडून 'धूमधडाका' उघडतो का ते कोणी युरोपात असेल तर बघून सांगाल का?